नकाशातला 900 चा दरवाजा

आर्किटेक्चरच्या ज्युरीत एक नकाशा हमखास येतो. पुढच्या बाजूला पाच पायऱ्यांचा दिमाखदार प्रवेश आणि मागे पार्किंगजवळ रॅम्प. ‘अ‍ॅक्सेसिबल आहे सर,’ असं विद्यार्थी सांगतो, आणि ते खोटंही नसतं. रॅम्पचा उतार 1:12 असला, कठडे असले, की व्हीलचेअर आत जाते. फक्त ती मागच्या दाराने जाते. अपंग व्यक्तीची अडचण ठरलेल्या मापांनी दूर करणं, हे अ‍ॅक्सेसिबल डिझाइन. पायऱ्याच न ठेवता सगळ्यांना एकाच दाराने आत आणणं, हे युनिव्हर्सल डिझाइन. ही दुसरी कल्पना अमेरिकेत रुजवली ती रोनाल्ड मेस यांनी. ते स्वतः आर्किटेक्ट होते, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअर वापरत. त्यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये या विचाराची सात तत्त्वं मांडली गेली. तत्त्वं पाठ होतात, पण दरवाजा काढायची वेळ आली की गडबड होते.

आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरवाजातून जायला 900 मिलिमीटर मोकळी जागा लागते. विद्यार्थी नकाशात 900 ची ओपनिंग दाखवतो आणि निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्या ओपनिंगमध्ये चौकट बसते. तिचे दोन उभे खांब साठ-साठ मिलिमीटरचे धरले तर उरले 780. दार काटकोनात उघडलं तरी फळीची जाडी वीस-पंचवीस मिलिमीटर आत येते. म्हणजे हातात राहतात जेमतेम 755, आणि चाक फिरवणाऱ्याची बोटं चौकटीला घासतात. 900 मोकळे हवे असतील तर भिंतीत निदान 1050 ची ओपनिंग सोडावी लागते. शिवाय दार स्वतःकडे ओढायचं असेल, तर कडीच्या बाजूला भिंतीलगत निदान 450 मिलिमीटर जागा हवी. नाहीतर व्हीलचेअर दाराच्याच वाटेत उभी राहते आणि दार उघडत नाही. इथवर सगळं अ‍ॅक्सेसिबल डिझाइनचं काम झालं. गोल नॉबऐवजी लिव्हरचं हँडल लावलं की दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस कोपराने दार उघडतो, संधिवात झालेली आजीही उघडते. तिथे युनिव्हर्सल डिझाइन सुरू होतं. खर्चात म्हणावा असा फरक पडत नाही.

स्वच्छतागृहात मात्र नुसत्या ‘सगळ्यांसाठी’ या सदिच्छेने भागत नाही. व्हीलचेअरवरून कमोडवर सरकायचं असतं आणि ती हालचाल मापातच बसवावी लागते. खोली साधारण 2000 बाय 2200. कमोडचा मध्य एका भिंतीपासून 450, त्या भिंतीवर आधाराचा दांडा, आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला 900 मोकळी. नेमकी इथे चूक होते. दिसायला सुबक म्हणून कमोड खोलीच्या मधोमध बसवतात. मग दांडा हाताला लागत नाही आणि खुर्चीलाही पुरेशी जागा उरत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आतला माणूस पडला आणि दार आत उघडणारं असलं, तर त्याच्या अंगानेच ते अडतं.

एवढं जमल्यावर दुसरा प्रश्न येतो: या खोलीत शिरायचं कुठून? ती ‘महिला’ विभागाच्या आत असेल, तर बायकोची खुर्ची ढकलत आलेला नवरा दारातच थांबतो. पॅसेजमधून थेट दार दिलं की तो आत जाऊ शकतो, छोट्या मुलीला घेऊन आलेला बापही जाऊ शकतो. मात्र सगळेच वापरू लागले की खुर्चीवरच्या माणसाला ताटकळावं लागतं, हा या पद्धतीचा खरा तोटा आहे. गर्दीच्या इमारतीत म्हणून अशा एका खोलीवर भागवू नये. (आणि तिथे झाडू-बादल्या ठेवून कुलूप लावलं, तर वरची सगळी मापं वाया गेली.)

फलक हा विषय विद्यार्थी ग्राफिक डिझायनरवर सोडून देतात. निदान जागा तरी आर्किटेक्टने ठरवावी. दाराच्या फळीवर लावलेला फलक दार उघडं असताना दिसतच नाही, आणि तो बोटांनी वाचत उभ्या असलेल्या अंध व्यक्तीला दार धाडकन लागतं. म्हणून तो कडीच्या बाजूच्या भिंतीवर, 1400 ते 1600 मिलिमीटर उंचीवर हवा. ब्रेलबरोबर उठावाची अक्षरंही द्यावीत, कारण उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. ग्रॅनाइटवर चकचकीत स्टीलची अक्षरं फोटोत छान दिसतात, पण मोतीबिंदू असलेल्याला तिथे फक्त चकाकी दिसते. पुरुषांसाठी मिशी आणि बायकांसाठी टिकली, असली कल्पक चित्रं तर काढूच नयेत.

युनिव्हर्सल हे नाव मोठं वाटतं म्हणून अ‍ॅक्सेसिबलची मापं सोडून चालत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याखालच्या नियम 15 मधली मानकं सक्तीची नसून सूचनावजा आहेत, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीची मानकं वेगळी काढायला केंद्र सरकारला सांगितलं.