तेरा घटना, चार कडवी

गॅदरिंग जवळ आलंय. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, ‘या वेळी आजीच्या गोष्टीवर गाणं करू.’ मग गोष्ट निघते अर्ध्या तासाची आणि गाण्याला मिळतात चारच कडवी. काय ठेवायचं, काय सोडायचं? एक गोष्ट घेऊन करूनच बघू.

श्रावण शुद्ध सप्तमीला, म्हणजे शिळा सप्तमीला, सांगतात ती कहाणी घ्या. निळोणा आणि चापडोह धरणं तळाला गेली की काय होतं हे यवतमाळकरांना ठाऊक आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. राजा गाव वसवतो, तळं खोदतो, पण पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. राजाला वाईट वाटतं, तरी गावासाठी तो ठरवतो. सुनेला माहेरी धाडतात. नातवाला न्हाऊमाखू, जेवू घालून पलंगावर निजवतात आणि पलंग तळ्यात ठेवतात. तळं भरतं. सून भावासोबत परत येते, तळं बघते, तिला वसा आठवतो, ती दहीभाताचा नैवेद्य दाखवते. पाण्यात तिचे पाय कुणीतरी ओढतं, बघते तर तिचाच मुलगा! त्याला कडेवर घेऊन ती घरी येते. राजा थक्क होतो आणि त्याची सुनेवर माया जडते. ढोबळ मोजलं तरी तेरा घटना होतात.

पहिला मोह असतो तेराला चारनं भागायचा, म्हणजे एका कडव्यात तीन-तीन घटना. असं केलं की गाण्याची यादी होते. इंग्रजी-स्कॉटिश बॅलडच्या अभ्यासकांनी या गीतांची एक सवय टिपली आहे. गाणं मधलं बरंच काही उडी मारून ओलांडतं आणि एखाद्या क्षणापाशी रेंगाळतं. म्हणून आधी रेंगाळायची जागा ठरवा. इथे ती तळ्याचा काठ आहे, कारण लेकराचं काय झालं हे ऐकणाऱ्याला माहीत आहे आणि आईला नाही.

आता प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारा: ही काढली तर काठावरचा क्षण टिकतो का? गाव वसवणं काढलं, टिकतो. राजाचं दुःख, सोबतचा भाऊ, नैवेद्याची पूर्ण यादी, शेवटची माया, हे सगळं गेलं तरी टिकतो. पण ‘माहेरी धाडली’ काढून बघा. ऐकणाऱ्याला वाटेल, आईला सगळं ठाऊक होतं, तिची संमतीच होती. एका ओळीनं गुन्हेगार बदलतो. दहीभातही राहायलाच हवा. तो नसेल तर मुलगा उगाच परत येतो, आईच्या हातून काही घडलंच नाही असं होतं.

उरलेलं आठ-आठ अक्षरांच्या ओळींत बसवू:

तळं खोदलं राजानं,
थेंब पाण्याचा लागेना;
‘नातू थोरला द्या आधी’,
देवी दुसरं मागेना.

सून धाडली माहेरा,
बाळ न्हाऊन जेवलं;
पलंगावर निजलं,
तसं तळ्यात ठेवलं.

आली परत सून ती,
तळं भरून वाहतं;
दहीभात ठेवी काठी,
कोण आतून पाहतं?

पाय ओढले पाण्यात,
ओला तिचाच लेक तो;
कडेवर घेते माय,
राजा दुरून देखतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामधली उडी बघा. तळं कधी भरलं, किती दिवस गेले, काहीच सांगितलेलं नाही. सून येते तेव्हा ते भरलेलं असतं, एवढंच. का भरलं, ते ऐकणारा स्वतः जोडतो आणि तिथेच त्याच्या पोटात गोळा येतो. ‘अरेरे, किती क्रूर राजा’ अशी ओळ घातली असती, तर हे काम आपणच करून टाकलं असतं.

या काटछाटीची किंमतही आहे. मूळ कहाणी वसा सांगण्यासाठी आहे आणि तिच्या शेवटी राजा-सुनेचं गोड होतं. आपण राजाला दूर उभं ठेवलं, त्यामुळे व्रताची कहाणी आईची झाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे खटकू शकतं. त्यांना गाणं आधी ऐकवा.

आणि ही कहाणी कधीच न ऐकलेल्या एका मित्रालाही ऐकवा. मग विचारा, ‘काठावर आली तेव्हा सुनेला काय माहीत होतं?’ तो ‘काहीच नाही’ म्हणाला, तर तुमची निवड बरोबर. तो ‘काऊन, तिनंच दिलं ना पोरगं?’ म्हणाला, तर दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. यमकाला हात लावू नका, आधी ती ओळ ठळक करा.