‘यो’ कधी गळतो?

‘जेवलात का?’ विचारणारा माणूस ‘जेवलीस का?’ विचारू लागला, की मराठी कानाला काहीतरी बदलल्याचं लगेच कळतं. कोरियन आणि जपानी प्रेमिकांमध्ये हा बदल आणखी ठळक असतो. आदर तिथे वाक्याच्या शेवटी, क्रियापदालाच चिकटलेला असतो. त्यामुळे साधं ‘भूक लागली’ म्हणतानाही समोरच्याशी आपलं नातं कोणतं, हे ठरवावंच लागतं.

समजा, सोलमध्ये 29 वर्षांचा मिनसू आणि 27 वर्षांची जीयंग मित्रांमार्फत भेटले. पहिल्या दिवशी तो तिला ‘जीयंग-शी’ म्हणतो. ‘काय करताय?’ असं विचारायला ‘म्वॉ हासेयो?’ लिहितो. त्यातला ‘से’ तिचा मान राखतो, शेवटचा ‘यो’ सभ्य अंतर राखतो. थोडी ओळख वाढली की ‘से’ नकळत गळतो आणि ‘म्वॉ हेयो?’ उरतं. याबद्दल कुणी काही बोलत नाही. ‘यो’ गळून नुसतं ‘म्वॉ हे?’ उरणं मात्र मोठं पाऊल आहे. या एकेरी बोलीला कोरियनमध्ये ‘बानमल’ म्हणतात आणि तिच्यासाठी सहसा रीतसर परवानगी मागितली जाते: ‘उरी माल नोउल्क्कायो?’ म्हणजे, आपण अरेतुरेवर यायचं का? हा प्रश्नसुद्धा ‘यो’ लावूनच विचारतात.

विचारायचं कुणी? बहुधा वयाने मोठ्याने. म्हणून तर कोरियात नव्या ओळखीत जन्मवर्षाची चौकशी इतक्या लवकर होते. ती भोचकपणाची नसते, बोलीची पायरी ठरवण्यासाठी असते. कधी धाकटी व्यक्तीच ‘तुम्ही मोकळेपणाने बोला’ असं सुचवते. त्यानंतर मिनसू एकेरीवर येईल, पण जीयंग काही दिवस ‘यो’ धरून ठेवेल, असंही घडतं. यात तिची नाराजी शोधायचं कारण नाही.

मालिका बघून कोरियन शिकणारे इथेच अडखळतात. पडद्यावरचे नायक-नायिका बहुतेक वेळ बानमलमध्ये बोलतात आणि ती वाक्यं आखूड असल्याने चटकन तोंडात बसतात. पहिल्याच भेटीत ती वापरली, तर समोरच्याला सलगी न वाटता उद्धटपणा वाटतो. ‘ओप्पा’चंही तसंच. मुलगी वयाने मोठ्या भावाला, मित्राला किंवा प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणते; पण नुकत्याच भेटलेल्या पुरुषाला ती हाक मारली, तर नसलेली जवळीक दाखवल्यासारखं होतं. शब्दकोशात ‘तुम्ही’साठी सापडणारा ‘दांगशिन’ तर टाळावाच. मुरलेल्या नवरा-बायकोत तो चालतो, अनोळखी माणसांच्या भांडणातही ऐकू येतो, नव्या ओळखीत मात्र खटकतो. नाव आणि ‘शी’ पुरेसं असतं.

गळलेला ‘यो’ परतही येतो. रोज ‘आरास्सॉ’ (कळलं) लिहिणाऱ्या जीयंगने अचानक ‘आलगेस्सॉयो’ लिहिलं, तर मिनसूने काय चुकलं ते आठवायला हवं. पण काही जोडपी एकमेकांचा मान राहावा म्हणून लग्नानंतरही ठरवून ‘यो’ लावतात. म्हणून एकटा ‘यो’ वाचण्यात अर्थ नाही. त्या दोघांची रोजची सवय काय, तीच खरी मोजपट्टी.

जपानमध्ये ही वाट जास्त धूसर आहे. ‘आता तामेगुचीत, म्हणजे बरोबरीच्या बोलीत बोलूया का?’ असं काहीजण विचारतात, पण अनेकदा ‘देसु’ आणि ‘मासु’ हे आदराचे शेवट हळूहळू विरळ होतात. ‘आज मजा आली’ हे ‘तानोशिकात्ता देसु’ असं आदराने म्हणून पुढचं ‘पुन्हा जावंसं वाटतं’ हे ‘माता इकिताइ ना’ असं स्वतःशी पुटपुटल्यागत साध्या बोलीत येतं. शिकणाऱ्याने अशी मिसळण कान देऊन ऐकावी आणि तेवढंच पुढे सरकावं. समोरची व्यक्ती साधं बोलू लागल्यावरही पाठ्यपुस्तकातलं ‘मासु’ धरून बसलं, तर ते परकं वाटतं.

हाकेतही तोच क्रम दिसतो: आडनावाला ‘सान’, मग नावाला ‘सान’, पुढे ‘चान’ किंवा ‘कुन’ आणि शेवटी नुसतं नाव. नुसत्या नावाने हाक मारण्यासाठी विचारून घेणं बरं. अ‍ॅनिमेमधून उचललेला ‘ओमाए’ (तू) नव्या ओळखीत अगदी रांगडा वाटतो. ‘आनाता’ पुस्तकात सभ्य दिसला, तरी नाव माहीत असताना नावच घ्यावं.

गंमत म्हणजे, एरवी अरेतुरे करणारी जपानी मुलंमुलीही प्रेमाची कबुली देताना बरेचदा आदरार्थी बोलीवर येतात: ‘सुकी देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.’ म्हणजे, मला तू आवडतेस, माझ्यासोबत राहशील का? इथला ‘देसु’ दुरावा दाखवत नाही, बोलणं गंभीर आहे हे सांगतो. तो ऐकून उत्तरही तितक्याच गांभीर्याने द्यायचं असतं.