डबे 400 कमी, तोटा नेमका कुठे?

प्रमाण परिव्ययाच्या गणितात विद्यार्थ्यांचे सर्वाधिक गुण स्थिर ओव्हरहेडच्या तफावतींमध्ये जातात. सूत्रे पाठ असतात, उत्तरही येते, पण त्या आकड्याचा अर्थ काय, हे विचारले की पंचाईत होते. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

समजा, स्टीलचे डबे करणारा एक कारखाना आहे. भाडे, पगार, घसारा असा महिन्याचा स्थिर खर्च 4,00,000 रुपये ठरवलेला आहे. यंत्रे 8,000 तास चालायची आणि 4,000 डबे निघायचे, म्हणजे डब्याला 2 तास. तासाला 50 रुपये, डब्याला 100 रुपये स्थिर खर्च. प्रत्यक्षात खर्च झाला 4,10,000, यंत्रे चालली 7,500 तास आणि डबे निघाले 3,600.

सूत्रांच्या मागे न लागता चार आकडे एका ओळीत लिहावेत. प्रत्यक्ष खर्च 4,10,000. ठरवलेला खर्च 4,00,000. प्रत्यक्ष तासांना 50 ने गुणून 3,75,000. निघालेल्या डब्यांना जेवढे तास लागायला हवे होते, ते 7,200 तास 50 ने गुणून 3,60,000. आता शेजारशेजारच्या आकड्यांमधली वजाबाकी करायची. पहिली 10,000, ही खर्चाची तफावत. दुसरी 25,000, ही क्षमतेची. तिसरी 15,000, ही कार्यक्षमतेची. तिन्ही प्रतिकूल आहेत आणि त्यांची बेरीज 50,000. क्षमता आणि कार्यक्षमता मिळून 40,000 होतात, तीच परिमाणाची म्हणजे व्हॉल्यूमची तफावत. नेहमीची चूक चौथ्या आकड्यात होते. तिथे 7,200 ऐवजी पुन्हा 7,500 तास घेतले, की कार्यक्षमतेची तफावत गायब होते. दुसरी चूक म्हणजे 4,00,000 ला 7,500 ने भागून नवा दर काढणे. दर महिना सुरू होण्याआधी ठरतो, तो मध्येच बदलत नाही.

आता अर्थ पाहू. या 50,000 पैकी कारखान्याच्या खिशातून जादा गेले ते फक्त 10,000. भाडे वाढले, दुरुस्ती जास्त झाली, असे कारण तिथे शोधायचे. उरलेले 40,000 कुणी जादा खर्च केलेले नाहीत; तो आधीच होणारा खर्च आहे, पण वाटून घ्यायला 400 डबे कमी पडले. त्यांपैकी 25,000 यंत्रे 500 तास बंद राहिल्याचे आहेत. वीज गेली असेल, यंत्र बिघडले असेल किंवा मागणीच नसेल. 15,000 मात्र चालू तासांत काम संथ झाल्याचे.

इथे एक इशारा द्यायला हवा. मागणीच 3,600 डब्यांची असेल आणि कामगारांनी ते झपाट्याने 7,200 तासांत पुरे केले असते, तर कार्यक्षमतेची तफावत शून्य झाली असती, पण क्षमतेची 40,000 वर गेली असती. स्थिर खर्चात एक रुपयाही वाचला नसता. म्हणून मागणी नसताना केवळ या 15,000 वरून पर्यवेक्षकाला जाब विचारणे अन्यायाचे आहे.

हेच 400 डबे विक्रीच्या बाजूलाही दिसतात. डब्याची ठरलेली किंमत 600, प्रमाण खर्च 480, नफा 120. जे 3,600 डबे निघाले ते सगळे 610 रुपयांना विकले गेले आणि बदलता खर्च प्रमाणाप्रमाणेच झाला, असे धरू. किमतीची तफावत 36,000, अनुकूल. विक्री परिमाणाची 400 गुणिले 120, म्हणजे 48,000, प्रतिकूल. ठरवलेला नफा 4,80,000. त्यात 36,000 मिळवा, 48,000 आणि ओव्हरहेडचे 50,000 वजा करा. उत्तर 4,18,000, आणि प्रत्यक्ष नफाही तेवढाच भरतो.

मग 400 डब्यांचा तोटा 48,000 की 40,000? दोन्ही मिळून 88,000. डब्याचा बदलता खर्च 380 आहे, त्यामुळे प्रत्येक न विकलेल्या डब्यामागे 220 रुपयांचे अंशदान बुडाले. ॲब्सॉर्प्शन पद्धतीत हेच 220 दोन ठिकाणी विभागले जातात, 120 विक्रीकडे आणि 100 ओव्हरहेडकडे. मार्जिनल पद्धतीत सगळे 88,000 विक्रीकडे जातात आणि स्थिर ओव्हरहेडची केवळ खर्चाची तफावत उरते.

म्हणून गणित हाती घेतल्यावर कोणत्या पद्धतीने मांडायचे, हे आधी वाचा. उत्तरात विक्री परिमाणाचे 88,000 आणि ओव्हरहेड परिमाणाचे 40,000 दोन्ही आले असतील, तर तोटा दुबार मोजला गेला आहे आणि नफ्याचा ताळमेळ बरोबर 40,000 रुपयांनी चुकेल.