पत्र्याला जागा ठेवा

चेंबूर स्टेशनच्या पूर्वेला एका गल्लीत पिठाची गिरणी आहे. गिरणीवरची जुनी पाटी सकाळी बघितली तर सपाट दिसायची. दुपारी दोननंतर ऊन पश्चिमेकडून थेट तिच्यावर यायचं आणि पाटीचं पोट पुढे यायचं. अक्षरं वाकडी वाटायची, मध्येच पत्रा टणकन वाजायचा. संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा टणकन वाजून पत्रा जागेवर जायचा. गिरणीवाल्या काकूंना वाटायचं, पत्रा पातळ लावून दिला. पण पत्रा नेहमीच्याच जाडीचा होता. नवी पाटी करायची ठरली तेव्हा घाटला गावात ज्यांचं काम चालतं ते मिस्त्री जुनी उतरवायला आले. त्यांनी पाटीच्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पातळ नाही हो काकू. चारी बाजूंनी खिळे ठोकून जखडलाय. तापल्यावर त्यानं जायचं कुठं?"

पाटीची गोम या प्रश्नात आहे. पोलाद तापलं की लांबतं, लाकूड मात्र उन्हाने रेषांच्या दिशेत जवळजवळ लांबत नाही. आठ फुटी पत्रा, म्हणजे 2440 मिलिमीटर. सकाळी 25 अंशांवर असलेला पत्रा भर उन्हात 65 अंशांपर्यंत सहज जातो, गडद रंग असेल तर आणखी वर. 40 अंशांच्या फरकाने आठ फुटांत 1.2 मिलिमीटरच्या आसपास वाढ होते. एवढ्याशा वाढीने काय होणार, असं वाटतं. पण दोन्ही टोकं पक्की असतील तर ही वाढ सरळ रेषेत मावत नाही. पत्र्याला कमान करावी लागते. 1.2 मिलिमीटर जास्तीची लांबी आठ फुटांच्या कमानीत बसवायची तर मधला उंचवटा 33 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाच्या वर येतो. प्रत्यक्षात वरखालच्या कडा थोडं धरून ठेवतात, म्हणून तेवढं पोट दिसत नाही. पण अर्धा-पाऊण इंच सहज दिसतो, आणि गिरणीच्या पाटीवर तेवढाच दिसत होता.

मग जास्त खिळे मारले तर? बरेच जण तेच करतात. दर फुटाला पत्रा पक्का केला तर प्रत्येक फुटातली वाढ 0.15 मिलिमीटर होते, आणि तिची कमान साधारण चार मिलिमीटरची. म्हणजे एका मोठ्या पोटाऐवजी आठ लहान पोटं येतात. नुसती संख्या वाढवून पत्रा सपाट राहत नाही. स्क्रूने पत्रा लाकडावर दाबून धरायचा असतो, पण आडवा सरकायला मोकळा ठेवायचा असतो. नव्या पाटीचं सगळं काम या एका अटीवर चाललं.

सुरुवात चौकटीपासून झाली. सागवानाच्या दीड इंच जाड पट्ट्या, बाहेरची चौकट आठ बाय तीन फूट, आणि आत दर दोन फुटांवर एक उभी पट्टी. चौकट गुण्यात आहे की नाही हे दोन्ही कर्णांची मापं घेऊन कळतं. पण चौकट गुण्यात असूनही पिळलेली असू शकते, आणि पिळलेल्या चौकटीवर कितीही नीट लावलेला पत्रा पिळूनच बसतो. मिस्त्रींनी चारही कोपऱ्यांत छोटे खिळे मारून समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या ताणल्या. मध्यावर दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चारही कोपरे एका पातळीत आहेत. इथे वरच्या दोरीत आणि खालच्या दोरीत एक सूतभर फट दिसली. त्यांनी दोऱ्यांची जागा बदलून, वरची खाली आणि खालची वर करून पुन्हा पाहिलं. आता दोऱ्या एकमेकींना रेटत होत्या. म्हणजे पीळ खराच होता. मग दोन उंच कोपऱ्यांवर हलका रंधा फिरवला, दोऱ्या पुन्हा लावल्या, पुन्हा पाहिलं. पत्र्याला हात लागण्याआधीच इथे बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

पत्रा चोवीस गेजचा, म्हणजे सुमारे 0.6 मिलिमीटर जाडीचा, जस्ताचा थर दिलेला. तो सपाट फरशीवर टाकून आधी बघायचा, कारण गुंडाळीतून येताना पत्र्याला थोडा बाक राहतो. बाकाची उंच बाजू चौकटीकडे ठेवली तर कडा दाबल्यावर पत्रा ताणून बसतो. उलटा लावला तर मध्ये पोट राहतं. पण पत्र्याच्या मधोमधच कारखान्यातून आलेलं तयार पोट असेल तर ते कोणताही स्क्रू घालवू शकत नाही. असा पत्रा सरळ बाजूला ठेवायचा.

आता भोकं. जुन्या पाटीत खिळे थेट ठोकले होते. खिळा पत्रा फाडत आत जातो आणि भोकाभोवतीचा पत्रा ताणून लांबवतो. कड अशी जागोजागी लांबली आणि मधला भाग तेवढाच राहिला की कडेला लाटा येतात, उन्हाची वाटही बघायला नको. म्हणून इथे पत्र्याखाली लाकडाचा तुकडा धरून ड्रिलने भोकं पाडली. स्क्रू आठ नंबरचे, म्हणजे 4.2 मिलिमीटर जाडीचे, एक इंच लांब. मधल्या उभ्या पट्टीवरची भोकं दीड सुताची, स्क्रूला बेताची बसणारी. बाकी सगळी दोन सुताची, म्हणजे सुमारे सव्वासहा मिलिमीटरची. पाटीचं वजन मधली ओळ पेलते आणि पत्र्याची जागाही तीच ठरवते. तिथून पत्रा डावीउजवीकडे वाढतो. टोकाला प्रत्येक बाजूला वाढ येते 0.6 मिलिमीटर, आणि दोन सुताच्या भोकात स्क्रूभोवती चहूकडे एक मिलिमीटर मोकळीक आहे. हिशोब बसतो. ॲल्युमिनियमचा पत्रा असता तर बसला नसता. ते जवळजवळ दुप्पट लांबतं, तिथे टोकाची भोकं लांबट करावी लागतात.

भोक पाडल्यावर पत्र्याच्या मागे एक बारीक धार उभी राहते. ती तशीच राहिली तर प्रत्येक स्क्रूखाली पत्रा लाकडापासून केसभर उचललेला राहतो, आणि आवळल्यावर तिथे खळगा पडतो. मिस्त्रींचा भाचा एक जाड बिट हातात धरून प्रत्येक भोकात उलट्या बाजूने दोन वेढे देत होता. धार निघाली की बोट फिरवून खात्री करत होता.

पत्र्याचे स्क्रू लाकडी कामात काही जणांना चालत नाहीत, पण इथे ते लाकडाच्या स्क्रूपेक्षा बरे पडतात. त्यांचे आटे थेट डोक्यापर्यंत असतात, त्यामुळे पातळ पट्टीतही पकड चांगली मिळते. पण याच आट्यांची एक खोड आहे. पत्र्यातलं भोक तंग असेल तर आटे पत्र्यातही धरतात आणि लाकडातही. मग स्क्रू कितीही फिरवा, पत्रा लाकडाला टेकत नाही, आहे त्या उंचीवर अडकून राहतो. म्हणूनही भोक मोठं हवं. लाकडात मात्र आधी तीन मिलिमीटरचं लहान भोक पाडलं, पत्र्याच्या भोकाच्या बरोबर मध्यावर खूण करून. खूण एका बाजूला गेली तर ठेवलेली मोकळीक वाया जाते. आणि स्क्रूचं डोकं खालून सपाट हवं. शंकूसारखं निमुळतं डोकं भोकाच्या कडेवर बसून पत्रा स्वतःकडे ओढतं, मग सरकायला जागा उरत नाही.

डोक्याखाली वॉशर. वर धातूची चकती, खाली रबर, बाहेरचा व्यास 16 मिलिमीटर. दोन सुताचं भोक तो पूर्ण झाकतो, दाब पसरवतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. ठाण्याची खाडी इथून फार लांब नाही, आणि खारट दमट हवेत उघडं राहिलेलं भोक गंजाला आमंत्रण देतं. रबर असल्यामुळे वॉशरखाली पत्रा सरकूही शकतो, पण आवळण्यावर ताबा असेल तरच.

भाच्याने पहिला स्क्रू मशीनने आवळला तसे मिस्त्री थांबवून म्हणाले, "मशीन अलीकडेच सोडायचं. शेवटचा वेढा हाताने." त्यांनी त्याला वॉशरची कड दाखवली. रबर चकतीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं तर काम बरोबर. चकतीबाहेर फुगून आलं तर जास्त झालं. लाकडात घट्ट बसलेला स्क्रू मोठा दाब देतो. एवढ्या दाबाखाली पत्रा घासून अडकतो, भोक कितीही मोठं असो. मग तो पुन्हा जखडलेलाच झाला. दुसरी खूण म्हणजे स्क्रूभोवती पडलेली बशीसारखी खोलगट जागा. ती बोटाला उशिरा कळते, डोळ्याला लवकर. पाटीला तिरकस नजर लावायची आणि छपराची किंवा विजेच्या तारेची पडछाया पत्र्यावर कशी दिसते ते बघायचं. सरळ रेघ जिथे मोडली तिथला स्क्रू पाव वेढा सैल करायचा.

क्रमही महत्त्वाचा. आधी मधली उभी ओळ, मग तिथून दोन्हीकडे बाहेर, वर एक आणि खाली एक असं. प्रत्येक स्क्रू आधी निम्मा, सगळे लागल्यावर दुसऱ्या फेरीत पुरा. दोन टोकं आधी लावून मध्याकडे आलं तर पत्र्यातली उरलीसुरली ढिलाई मध्येच कोंडली जाते आणि तिला बाहेर काढायला वाट राहत नाही. हे काम त्यांनी सकाळच्या गारव्यात केलं नाही, साडेअकराच्या सुमारास पत्रा कोमट झाल्यावर केलं. गार पत्रा लावला तर त्याला पुढे फक्त वाढायचं असतं. कोमट लावला तर त्याची निम्मी हालचाल आखडण्यात जाते, आणि आखडताना पत्रा ताणून सपाट राहतो.

दुपारी तीनला आम्ही पाटीसमोर उभे राहिलो. ऊन पूर्ण तिच्यावर होतं आणि रंग अजून दिलेला नव्हता, त्यामुळे लखलखत्या पत्र्यात काही लपण्यासारखं नव्हतं. उजव्या टोकाजवळ, वरून दुसऱ्या स्क्रूपाशी पडछाया किंचित वाकली होती. भाच्याने तो सैल केला, रेघ सरळ झाली. बाकी कुठे हात लावावा लागला नाही.

मिस्त्रींनी काकूंना सांगितलं ते पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा पितं आणि आडव्या दिशेत फुगतं, नंतर वाळतं. दिवाळीच्या सुमारास काही स्क्रू सैल लागतील. तेव्हा कोणालाही बोलावून "सगळे टाइट कर" म्हणायचं नाही. ज्याचा वॉशर बोटाने फिरतो तेवढाच स्क्रू, पाव वेढा, हाताने. आणि चौकटीच्या मागे भिंतीपासून सोडलेली इंचभर फट सिमेंटने बुजवायची नाही, कारण पाठीमागून वारा लागला नाही तर लाकूड एकाच बाजूने वाळतं आणि चौकट पीळ धरते.