गाळाचे वय आणि आभाळातून पडणारे शिसे

तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा पातळ थर बसतो. त्यात नळी उभी खुपसून अर्धा मीटर गाळ न ढवळता वर काढला, तर बऱ्याच तळ्यांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब हाती येतो. शेतांतली माती केव्हा वाहून येऊ लागली, कारखान्यांतला पारा केव्हा उतरला, पाणी आम्लधर्मी केव्हा झाले, हे सगळे त्यात असते. मात्र कोणता थर कोणत्या साली बसला, हे गाळाकडे नुसते पाहून कळत नाही. कार्बन-१४ इथे उपयोगाचा नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षांचे, त्यामुळे शंभर वर्षांत तो जेमतेम एक टक्क्याने घटतो. अलीकडच्या गाळासाठी भराभर घटणारे द्रव्य लागते. शिसे-२१० तसे आहे, ते २२.३ वर्षांत निम्मे होते.

हे शिसे येते कुठून? खडकांत आणि मातीत अत्यल्प रेडियम असते. त्यापासून रेडॉन वायू तयार होतो आणि त्यातला थोडा जमिनीतून निसटून हवेत जातो. काही दिवसांतच त्याचे शिसे-२१० बनते, धुळीच्या कणांना चिकटते आणि मुख्यतः पावसाबरोबर खाली येते. तळ्यात पडलेले शिसे गाळाच्या कणांना धरून तळाशी जाते. तिथे पुरल्यावर त्यात नवी भर पडत नाही, ते फक्त घटत राहते.

गाळात स्वतःचेही थोडे रेडियम असते आणि त्यापासून तिथल्या तिथे शिसे-२१० तयार होत राहते. हा वाटा शंभर वर्षांत घटत नाही, म्हणून तो वजा करावा लागतो. त्यासाठी वाळवलेला गाळ डबीत हवाबंद करून सुमारे तीन आठवडे ठेवतात. रेडॉन आत अडकून राहतो आणि गॅमा किरण मोजून रेडियम किती ते कळते. एकूण शिशातून तेवढा भाग काढला, की उरते ते आभाळातून आलेले शिसे. वय काढायचे ते त्यावरून.

या शिशाने कालगणना करता येईल, ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९६३ मध्ये मांडली. तळ्यांच्या गाळावर ती चालवून पाहणारा महत्त्वाचा शोधनिबंध १९७१चा. त्याच्या चार लेखकांपैकी एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले होते. मार्टिन आणि मेबेक हे दोघे फ्रेंच.

सुरुवातीचा हिशेब सरळ होता. ताज्या गाळाच्या प्रत्येक किलोत शिसे दरवर्षी सारखेच असते असे धरायचे. मग खालच्या थरात ते निम्मे दिसले, की तो थर २२ वर्षांचा. पण समजा, एका तळ्यात दर चौरस मीटरवर वर्षाला १२५ बेकरेल शिसे पडते आणि २५० ग्रॅम गाळ बसतो. म्हणजे किलोमागे ५०० बेकरेल. आता वरच्या डोंगरावर जंगलतोड झाली आणि गाळ दुप्पट येऊ लागला. वरणात पाणी दुप्पट घातले की मीठ तेवढेच राहूनही चव निम्मी होते, तसे किलोमागचे शिसे २५० वर येते. जुन्या हिशेबाने कालपरवा बसलेला हा गाळ २२ वर्षांचा ठरेल. माणसाचा हात लागलेल्या तळ्यांत तर हेच घडत असते.

लिव्हरपूल विद्यापीठाच्या पीटर अॅपलबी आणि फ्रँक ओल्डफिल्ड यांनी १९७८ मध्ये गृहीतकच बदलले. गाळ कमीजास्त होऊ द्या, त्यांनी म्हटले. स्थिर धरायचा तो शिशाचा पुरवठा. वर्षाला एका चौरस मीटरवर ते किती पडते, तेवढेच कायम असावे. ते सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. समुद्रातून रेडॉन फारच कमी निघतो, म्हणून समुद्रावरून येणाऱ्या हवेत हे शिसे कमी असते. पाऊस जास्त तिथे ते जास्त पडते. एका ठिकाणी वर्षानुवर्षांची सरासरी टिकली, की पुरे.

मग हिशेब असा होतो. नळीतल्या सगळ्या थरांतले शिसे जोडून एक बेरीज काढायची. समजा ती दर चौरस मीटरला ४,००० बेकरेल आली. आता १० सेंटिमीटरच्या खाली किती उरते ते पाहायचे. २,००० असेल, तर बेरीज एकदा निम्मी झाली, म्हणून ती खोली २२ वर्षांपूर्वीची. २० सेंटिमीटरखाली ५०० उरले, म्हणजे तीनदा निम्मे, ६७ वर्षे. ३० सेंटिमीटरखाली १२५, म्हणजे १११ वर्षे. नळी २०२० साली काढली असेल, तर या खोल्या अनुक्रमे १९९८, १९५३ आणि १९०९ च्या. वरचे १० सेंटिमीटर २२ वर्षांत भरले, त्याखालचे १० भरायला ४५ वर्षे लागली. खालचा गाळ दाबला जातो, म्हणून प्रत्यक्षात जाडीऐवजी कोरडे वजन धरतात. तरीही फरक उरला, तर गाळ येण्याचा वेग वाढला असे म्हणता येते.

१९७९ मध्ये फिनलंडमधल्या तळ्यांवर याची परीक्षा झाली. तिथला गाळ झाडाच्या कड्यांसारखा वर्षागणिक वेगळा दिसतो, म्हणून थर मोजूनच वय कळते. मोजलेली वये नव्या हिशेबाशी जुळली.

पण गृहीतक नेहमी खरे ठरतेच असे नाही. पाणलोटातल्या धूपीबरोबर जमिनीवर पूर्वी पडलेले शिसेही तळ्यात येते, तेव्हा पुरवठाच वाढतो. काठावरचा गाळ घसरून मधोमध साचला किंवा प्रवाहाने वरचा थर धुऊन नेला, तरी बेरीज बिघडते. हे ओळखायला सीझियम-१३७ मदतीला येते. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे त्याचा पाऊस १९६३ च्या सुमारास शिगेला पोचला होता. आपल्या उदाहरणात हे शिखर १८ सेंटिमीटरच्या आसपास सापडायला हवे. ते १२ वर सापडले, तर आधी शिशाच्या तारखांवर शंका घ्यावी. मग १९६३ हा पक्का टप्पा धरून त्याच्या वरचा आणि खालचा पुरवठा वेगवेगळा काढतात.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण येते. आपले बहुतेक मोठे जलाशय धरणांमुळे झालेले. साठ वर्षांपूर्वी भरलेल्या धरणात गाळही साठच वर्षांचा, आणि साठ वर्षांत आभाळातले शिसे संपत नाही. सुमारे १५ टक्के उरते. बेरीज पूर्ण व्हायला त्याहून जुना गाळ हवा, आणि तो तिथे नाहीच. हे लक्षात न घेता सूत्र चालवले, तर ३० वर्षांचा थर ४१ वर्षांचा निघतो, आणि तळाजवळच्या थरांची वये याहूनही फुगतात. नळी तोकडी पडली तरी चूक हीच. अशा ठिकाणी धरण भरले ते साल आणि सीझियमचे शिखर हे दोन खुंटे ठोकूनच हिशेब करावा लागतो. म्हणून गाळाच्या अहवालात तारीख वाचली, की नळीच्या तळाशी आभाळातले शिसे शून्यावर आले होते का, हे आधी पाहावे.