वादळाचा मेसेज एवढा तुटक का असतो?

सोसायटीचा इशारा तुटक येतो, अशी काहींची तक्रार आहे. कारण असे.

एका साध्या मेसेजमध्ये इंग्रजीला 160 जागा मिळतात, मराठीला फक्त 70. त्यात काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, रिकामी जागा, सगळे वेगळे मोजले जाते. ‘समुद्रात’ दिसायला चार अक्षरे, पण जागा खातो आठ.

‘हवामान खात्याच्या सूचनेनुसार सर्व मच्छीमार बांधवांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच 70 संपतात! पुढचा मजकूर दुसऱ्या तुकड्यात जातो, आणि रेंज कमी असली की तो तुकडा अडकतो. म्हणून समजा 14 ऑक्टोबरचा इशारा असला, तर आम्ही असा लिहू:

14/10 दु.4 पासून वादळी वारा, ताशी 55 किमी. समुद्रात जाऊ नका, परत फिरा

हे 69 भरतात. ‘आज’ मुद्दाम लिहीत नाही. होडी रेंजबाहेर असली तर मेसेज दुसऱ्या दिवशी पोचतो, मग ‘आज’ कुठला?

मराठी न वाचणाऱ्या खलाशांसाठी इंग्रजी मेसेज वेगळा:

14/10 4PM: wind 55 kmph. Do not go to sea. Return to jetty

त्यात एक जरी मराठी अक्षर घुसले, तर 160 चे 70 होतात. म्हणून दोन्ही भाषा एकत्र करत नाही. तांडेलांनी दोन्ही मेसेज खलाशांना दाखवावेत.