तंबोऱ्याच्या पंचमाला धक्का न लावता

‘ऑडॅसिटी’ या फुकट मिळणाऱ्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये `Notch Filter` ची खिडकी उघडली की तिच्यात दोन आकडे आधीच भरलेले असतात. वारंवारतेच्या रकान्यात 60 आणि `Q` च्या रकान्यात 1. जुन्या मैफलीची कॅसेट संगणकावर उतरवून घेतलेला हौशी माणूस बहुधा पहिला आकडा तेवढा बदलतो, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या आकड्याकडे त्याचं लक्ष जात नाही. मग घूंघूं कमी होते खरी, पण तिच्याबरोबर तंबोराही पातळ होतो, आणि दोष बिचाऱ्या कॅसेटवर जातो.

त्या घूंघूंला ध्वनिमुद्रणवाले ‘हम’ म्हणतात. घरात येणारी वीज सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होते. माइकच्या वायरीचं शील्डिंग तुटलेलं असेल, दोन उपकरणांचं अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झालं असेल किंवा ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर म्हातारा झाला असेल, तर ही पुढेमागे आवाजाच्या वाटेत शिरते. ती एकटी मात्र येत नाही. 100, 150, 200, 250 अशी पटीतली पिलावळ तिच्यामागे असते. लहान स्पीकरवर 50 हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही. कानाला त्रास देते ती 100 आणि 150 ची जोडी. म्हणून फक्त 50 वर कात्री चालवून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला वाटतं, काहीच फरक पडला नाही.

नॉच फिल्टर एका ठरावीक वारंवारतेवर अरुंद खाच पाडतो. खाच किती रुंद, हे `Q` ठरवतो, आणि हिशेब सोपा आहे: वारंवारतेला `Q` ने भागलं की रुंदी मिळते. 100 हर्ट्झवर `Q` 1 ठेवला तर खाच शंभर हर्ट्झ रुंद होते. `Q` 50 ठेवला तर फक्त दोन हर्ट्झ.

हा फरक प्रत्यक्षात काय करतो, हे पाहायला पुरुष गायकाची मैफल घेऊ. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ. तंबोऱ्यात जोडीच्या तारा 139 वर, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे 69 वर आणि पहिली तार मंद्र पंचमावर, सुमारे 104 वर. वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे हमचं पहिलं पिल्लू 100 वर बसलेलं असतं, पंचमाच्या अगदी शेजारी. बासरीच्या ध्वनिमुद्रणात या पट्ट्यात फारसं काही नसतं, तिथे थोडा हात सैल सुटला तरी चालून जातं. तंबोऱ्यात चालत नाही.

आता कॅसेट उतरवून घेतली आहे. पहिलं काम मोजण्याचं, कापण्याचं नव्हे. संगीत सुरू होण्याआधीचा, कलाकार स्थिरावत असतानाचा तुकडा शोधायचा. निवेदन संपल्यानंतरची शांतताही चालते. दीडदोन सेकंद तरी हवेत, जास्त मिळाले तर उत्तम. तो निवडून `Analyze` मधल्या `Plot Spectrum` मध्ये जायचं, `Size` 65536 करायचा आणि डावीकडच्या, म्हणजे खालच्या वारंवारतेच्या टोकाकडे बघायचं. तिथे उंच, टोकदार सुळके दिसतात. सुळक्यावर कर्सर नेला की खाली `Peak` पुढे त्याचा आकडा उमटतो, पण पूर्णांकात; दशांशासाठी वरच्या पटीचा आकडा तिच्या क्रमांकाने भागायचा.

समजा आकडे आले 50.8, 101.6 आणि 152.4. नेमके 50, 100, 150 का नाहीत? कारण हम मुद्रणाच्या वेळी फितीवर उतरला आणि आज ती फीत वाजवणारा डेक किंचित वेगात फिरतो आहे, म्हणजे हमही तितकाच वर सरकला. (गायकाचा षड्जही सरकलाच आहे, वर धरलेला 139 हा आज वाजतो तसा आहे.) डोळे मिटून 50 टाकणाऱ्याची अरुंद खाच त्यामुळे सुळक्याच्या बाजूला पडते, हम तसाच राहतो, आणि मग मोह होतो तो खाच रुंद करण्याचा. बहुतेक तंबोरे इथेच मारले जातात.

आकडे मांडून पाहू. 101.6 वर `Q` 1 ठेवून खाच पाडली, तर 104 वरचा पंचम सुमारे 26 डेसिबलने खाली जातो. तारेचा मूळ स्वर विसाव्या हिश्श्यावर येतो. जवारीतून उमटणारे वरचे स्वर शाबूत असल्यामुळे कान पंचम ओळखतो, पण त्याच्या पायातलं बळ गेलेलं असतं. तीच खाच दोन हर्ट्झ रुंद ठेवली, तर पंचमाचं नुकसान एका डेसिबललाही पोचत नाही. हम मात्र दोन्ही वेळा सारखाच नाहीसा होतो. 50.8 वर `Q` 1 चालवला तर खर्जाच्या तारेलाही फटका बसतो, पंचमाइतका मोठा नसला तरी.

खाचा एकेक करून पाडता येतात, पण ऑडॅसिटीच्या `Nyquist Prompt` मध्ये एवढ्या ओळी टाकल्या की सहाही एकदम होतात:

```
(let ((s *track*))
  (dolist (f '(50.8 101.6 152.4 203.2 254.0 304.8) s)
    (setf s (notch2 s f (/ f 2.0)))))
```

इथे प्रत्येक वारंवारतेला दोनने भागून `Q` काढला आहे, त्यामुळे वर जाताना खाच रुंदावत नाही, सगळीकडे दोनच हर्ट्झ राहते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ ॲडोबी ऑडिशनच्या `DeHummer` मध्ये, मूळ वारंवारता आणि किती हार्मोनिक काढायचे हे सांगितलं की हेच काम पडद्याआड होतं. तिथेही मूळ आकडा मोजूनच द्यावा. सुळके जिथवर दिसतात तिथवरच जायचं; सहावा सुळका नसेल तर सहावी खाच कशाला?

मग खाच आणखी अरुंद, दशांश हर्ट्झची का करू नये? कारण फिल्टर जितका अरुंद, तितका तो जास्त वेळ निनादतो. दोन हर्ट्झच्या खाचेला जोरदार धक्का बसला, म्हणजे डग्ग्यावर थाप पडली, तर तिच्यामागे उमटणारी बारीक गुंज पूर्ण विरायला सेकंदभर लागतो. ती इतकी क्षीण असते की सहसा कळत नाही. खाच दहापट अरुंद केली की ती दहापट लांबते, आणि थापेमागे शेपूट ऐकू येऊ लागतं.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. आज भारतीय ग्रिडची वारंवारता 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. नव्वदच्या दशकात मात्र संध्याकाळी मागणी वाढली की ती 49 च्या खाली घसरे आणि मध्यरात्री 51 च्या वरही जाई. वारंवारता पाहून विजेचा भाव लावण्याची पद्धत पश्चिम विभागात जुलै 2002 मध्ये आली आणि तिथून हे चित्र सुधारलं. म्हणजे 1993 च्या एखाद्या मैफलीत विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला असलेला हम भैरवीपर्यंत त्याच जागी राहील याची खात्री नाही. मूळ हम अर्धा हर्ट्झ सरकला, तर सहावा हार्मोनिक तीन हर्ट्झ सरकतो आणि खाचेबाहेर पडतो. अशा वेळी स्पेक्ट्रोग्राममध्ये पाहावं. हमच्या रेषा आडव्या, अखंड दिसतात. त्या जिथे वर-खाली कलताना दिसतात तिथे ध्वनिमुद्रणाचे तुकडे पाडून प्रत्येकाचं मोजमाप वेगळं करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण खाच रुंद करण्यापेक्षा बरं.

कधी हम हेलकावे घेतो, सव्वा सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. त्याचा अर्थ हम दोन आहेत. एक फितीवरचा, 50.8 चा, दुसरा कॅसेट उतरवताना आज घुसलेला, 50 चा. दोघांत 0.8 हर्ट्झचं अंतर असल्याने ते एकमेकांना कधी साथ देतात, कधी खोडतात. आजचा हम सॉफ्टवेअरने काढत बसू नये. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर कॅसेट पुन्हा उतरवावी. बरेचदा तेवढ्यानेच तो जातो. अमेरिकेतल्या एखाद्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची कॅसेट पुण्यात उतरवली, तर तिच्यात 60, 120, 180 ची माळ फितीची आणि 50, 100, 150 ची माळ पुण्याची, अशा दोन्ही सापडू शकतात. तिथल्या विजेचा ठेका वेगळा आहे ना!

काम बरोबर झालं की नाही, हे साफ झालेलं ऐकून नीट कळत नाही. काढून टाकलेलं ऐकावं. मूळ ट्रॅकची प्रत करून एका प्रतीवर फिल्टर चालवायचा, त्याच प्रतीला `Invert` करायचं आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. सारखं ते परस्परांना खोडतं आणि उरतं ते फिल्टरने उचललेलं. हेडफोनमध्ये फक्त एकसुरी घूंघूं ऐकू आली तर ठीक. तिच्यात तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा ठोका ठरावीक अंतराने येताना ऐकू आला, तर `Q` वाढवायचा किंवा ती एक खाच सोडून द्यायची. गायकाचा षड्ज पांढरी एक असेल तर पंचम 98 वर येतो, आणि 100 ची खाच तिथे दोन हर्ट्झचीच ठेवूनही काठावर पडते. मुद्रणाच्या वेळी ग्रिडची वारंवारता जरा घसरलेली असली की हम थेट पंचमावर चढतो. तिथे तो सुळका राहू द्यावा, बाकीचे काढावेत. थोडा हम असलेला पंचम हा पंचम नसलेल्या शांततेपेक्षा केव्हाही चांगला.

मंचावरच्या दिव्यांच्या डिमरने केलेली करकर हे मात्र वेगळं प्रकरण. तिच्या पटी हजारो हर्ट्झपर्यंत, दाट दातांच्या कंगव्यासारख्या पसरलेल्या असतात. तिच्यासाठी शंभर खाचा पाडल्या तर गायकाचा आवाजही कंगव्यातून गाळल्यासारखा होतो. खालच्या सहा-आठ पटी नॉचने काढाव्यात आणि वरच्यांसाठी शांत तुकड्याचा नमुना घेऊन `Noise Reduction` हलक्या हाताने, पाचसहा डेसिबलपुरतं वापरावं.

आणि हे सगळं प्रतीवर. कॅसेटवरून जशी उतरली तशी, हमसकट, एक फाइल वेगळी ठेवायची. कारण डेकचा वेग उद्या दुरुस्त करायचा झाला तर फितीवरचा तो 50.8 चा सुळका हाच त्याचा मापदंड असतो. ग्रिड तेव्हा नेमका 50 वर होता असं धरलं, तर ही फीत 1.6 टक्के वेगात चालली आहे, म्हणजे गायकाची काळी एक आज पाव श्रुतिपेटी-अंतर, अर्थात अर्ध्या सुराच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त चढी ऐकू येते. ग्रिडच इकडेतिकडे असेल तर या हिशेबात दोनतीन टक्क्यांची चूक शिरू शकते. काळी एक की पांढरी एक, हा वाद त्याने पूर्ण मिटत नाही. त्यासाठी त्याच मैफलीतल्या हार्मोनियमची पट्टी ताडून पाहावी लागते.